दर रविवारची ग्रँड टेस्ट: आठवडा कसा आखायचा आणि गुण कसे वाचायचे

कळवा, नेरूळ, कामोठे इथल्या कॉलेजांत इंटर्नशिप करत नीट पीजीची तयारी सुरू केलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. टेस्ट सिरीज बहुतेकांनी घेतलेली असते. रविवारी ग्रँड टेस्ट द्यायची, स्कोअर बघायचा, चांगला आला तर सोमवार बरा जातो, पडला तर दोन दिवस पुस्तक उघडवत नाही, असं चक्र मी आमच्या ज्युनिअर्समध्ये सतत पाहते. एका टेस्टच्या गुणांमधून तुमच्या तयारीबद्दल फार थोडं कळतं. चार टेस्ट शेजारी ठेवल्या आणि चुका नेमक्या कुठे पडतात ते पाहिलं, तर बरंच कळतं. ते कसं करायचं, ते नीट पीजीपुरतं सांगते. आयएनआय-सीईटीची गुणपद्धत वेगळी आहे, तिचा उल्लेख एकदाच येईल.

आधी पेपरचा साचा डोक्यात पक्का करा

२०० प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा, एकूण ८००. हे सगळ्यांना माहीत असतं. २०२४ पासून पेपर पाच विभागांत येतो, ही गोष्ट मात्र नवीन मुलं गांभीर्याने घेत नाहीत. एका विभागात ४० प्रश्न आणि ४२ मिनिटं. वेळ संपली की तो विभाग बंद होतो, मागे जाता येत नाही, आणि वेळ संपायच्या आत पुढच्या विभागात उडीही मारता येत नाही. म्हणजे एका प्रश्नाला ६३ सेकंद. पहिल्या विभागात वाचवलेला वेळ पाचव्यात वापरता येत नाही, आणि पहिल्यात घालवलेला वेळ पाचव्याला खातही नाही. पुढे गुणांचं निदान करताना याचा फार उपयोग होतो. दर वर्षी माहितीपत्रक आलं की हा साचा तोच आहे ना, ते स्वतः वाचून घ्या.

तुमच्या सिरीजमध्ये विभागवार कुलूप असलेली टेस्ट असेल तर तीच द्या. नसेल तर मोबाईलवर ४२ मिनिटांचा टायमर लावा आणि ४० प्रश्न झाल्यावर मागे जायचं नाही, हा नियम स्वतः पाळा. टेस्ट लॅपटॉपवर, माउस वापरून द्या. खरी परीक्षा संगणकावर असते. सीटी स्कॅन, फंडसचं चित्र किंवा त्वचेवरचं पुरळ मोबाईलवर बोटांनी मोठं करून पाहायची सवय तिथे उपयोगी पडत नाही.

रविवारचे साडेतीन तास

वेळ सकाळी ९ ते साडेबारा. २०२५ ची परीक्षा याच वेळेत झाली होती. पुढे वेळ बदलली तर टेस्टची वेळही बदला. घरी शांतता मिळत नसेल तर अभ्यासिका गाठा, ठाण्यात आणि नवी मुंबईत त्या भरपूर आहेत. पण अभ्यासिका घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर निवडा. रविवारी ट्रान्स-हार्बर किंवा हार्बरवर मेगाब्लॉक असला की घणसोलीहून ठाण्याला जाण्यातच निम्मी सकाळ जाते.

शनिवारची रात्र कॅज्युअल्टीत काढून रविवारी ९ वाजता टेस्टला बसू नका. बसायचंच असेल तर वहीत त्या टेस्टपुढे ‘पोस्ट-ड्युटी’ असं ठळक लिहा. ड्युटीचं वेळापत्रक महिन्याच्या सुरुवातीलाच हातात आलं की त्यात टेस्टचे दिवस ठरवून टाका. रविवार अडत असेल तर ऑफच्या दिवशी द्या. ठरलेल्या वारापेक्षा डोकं ताजं असणं जास्त महत्त्वाचं.

टेस्ट चालू असताना शेजारी एक कोरा कागद ठेवा आणि फक्त दोन खुणा करा. दोन पर्यायांत अडकून उत्तर दिलं तर प्रश्नाचा क्रमांक लिहून त्यापुढे ‘दो’. निव्वळ अंदाज असेल तर ‘अं’. खात्रीच्या प्रश्नाला खूण नको. एका खुणेला दोन सेकंद लागतात, पण याच कागदावर संध्याकाळचं निम्मं काम उभं राहतं. सिरीजचा निकाल कोणता प्रश्न बरोबर आला ते सांगतो. तो तुम्हाला येत होता की नुसता लागला, हे त्यातून कळत नाही.

अजून एक खूण लागली तर करा: प्रश्न आधी जसाच्या तसा पाहिलेला असेल तर ‘पा’. सिरीजमध्ये मागच्या वर्षांचे प्रश्न फिरून येतातच. एखाद्या टेस्टमध्ये असे वीस-पंचवीस निघाले तर त्या दिवशीचे गुण फुगलेले आहेत, हे लक्षात राहील.

रिकामा सोडायचा की नाही

याचं गणित एकदाच करून ठेवा. चार पर्यायांपैकी एकही उडवता येत नसेल तर अंदाजाने लागायची शक्यता चारात एक. सरासरीने प्रश्नामागे पाव गुण मिळतो. एक पर्याय उडवता आला तर साधारण दोन-तृतीयांश गुण, दोन उडवले तर दीड गुण. म्हणजे नीट पीजीत प्रश्न रिकामा सोडल्याने सरासरीत तोटाच होतो. ‘निगेटिव्ह आहे, सांभाळून’ हा सल्ला दोन पर्यायांत अडकलेल्या प्रश्नाला तर अजिबात लागू नाही. आयएनआय-सीईटीत बरोबरला १ आणि चुकीला एक-तृतीयांश वजा असतो, तिथे निव्वळ अंदाजाची सरासरी शून्यावर येते. एका परीक्षेची सवय दुसरीकडे जशीच्या तशी नेऊ नका.

संध्याकाळी: आधी वर्गवारी, मग स्पष्टीकरण

टेस्ट झाली की जेवा, झोपा. संध्याकाळी बसाल तेव्हा लगेच स्पष्टीकरणं वाचायला घेऊ नका. चुकलेला प्रत्येक प्रश्न उत्तर झाकून पुन्हा सोडवा आणि तो या चारपैकी कुठे बसतो ते ठरवा.

पहिला प्रकार, माहितीच नव्हती. दुसरा, वाचलं होतं पण आठवलं नाही. तिसरा, दोन पर्यायांत अडकून चुकीचा धरला. चौथा, येत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही.

चौथ्या प्रकाराचं उदाहरण देते. पोटाला मार लागलेला रुग्ण, बीपी ८०/५०, द्रव देऊनही वर येत नाही, फास्ट पॉझिटिव्ह, पुढे काय? उत्तर लॅपरोटॉमी. घाईत बीपीचा आकडा डोळ्यांखालून निसटला की सीटी निवडला जातो. सर्जरीचं प्रकरण पुन्हा वाचून ही चूक सुटणार नाही. त्यावर उपाय वाचनाच्या पद्धतीत आहे. आधी शेवटची ओळ वाचायची, म्हणजे काय विचारलंय ते कळतं, आणि मग केसमध्ये स्थिर की अस्थिर ते शोधायचं.

तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण: घसादुखीनंतर लघवीतून रक्त. आयजीए नेफ्रोपॅथी की पोस्ट-स्ट्रेप्टोकोकल? घसादुखीबरोबर किंवा एक-दोन दिवसांत रक्त दिसलं तर पहिलं, एक ते तीन आठवड्यांनी दिसलं तर दुसरं. अशा प्रश्नांसाठी एक वेगळी पातळ वही करा. दोन नावं शेजारी लिहा आणि त्यांना वेगळं करणारी एकच ओळ. एका पानावर आठ-दहा जोड्या मावतात. पूर्ण स्पष्टीकरण उतरवत बसलात तर ती वही तुम्ही पुन्हा उघडणार नाही.

‘अं’ खूण असूनही बरोबर आलेले प्रश्न चुकलेल्यांतच धरा. पुढच्या वेळी ते तसेच लागतील याचा भरवसा नाही. वर्गवारीला दीड तास पुरतो. स्पष्टीकरणं सोमवार ते बुधवार ड्युटीनंतर वाटून घ्या, आणि तीही चुकलेल्या, सोडलेल्या आणि अंदाजाने लागलेल्या प्रश्नांचीच. सगळ्या २०० प्रश्नांची स्पष्टीकरणं वाचायचा हट्ट धरणारे गुरुवारी थकतात आणि पुढच्या आठवड्याची टेस्ट टाळतात. शुक्रवारी दुसऱ्या प्रकारचे प्रश्न पुन्हा सोडवा आणि जोड्यांच्या वहीवरून नजर फिरवा. शनिवारी टेस्टसाठी म्हणून वेगळं काही वाचू नका. रेटून वाचलेल्या विषयामुळे त्या एका टेस्टचे गुण वाढतील, पण तुम्ही कुठे आहात ते कळणार नाही.

तक्ता

गूगल शीट किंवा एक्सेल पुरेसं आहे. स्तंभ असे: तारीख, सोडवलेले, बरोबर, चूक, गुण, चार टेस्टची सरासरी. त्यांच्यापुढे पाच विभागांतले बरोबर प्रश्न आणि शेवटी शेराचा रकाना, ज्यात ‘पोस्ट-ड्युटी’, ‘ताप’, ‘खाली मंडपाचा आवाज’ असं काही असेल तर लिहायचं. बरोबर C मध्ये, चूक D मध्ये आणि गुण E मध्ये असतील तर सूत्रं एवढीच:

```
E2: =4*C2-D2
F5: =AVERAGE(E2:E5)
```

दोन्ही खाली ओढा. सरासरी चौथ्या टेस्टपासून सुरू होते, त्याआधी तो रकाना रिकामाच ठेवा. आलेख काढायचा असेल तर सरासरीचा काढा. आणि तक्त्यात एकाच सिरीजच्या टेस्ट घ्या. दोन सिरीजची काठिण्यपातळी वेगळी असते, त्यांचे गुण एका ओळीत बसत नाहीत. रँकचा रकाना मी ठेवायला सांगत नाही. त्या दिवशी किती जणांनी टेस्ट दिली आणि त्यांची तयारी कितपत होती, यावर तो आकडा हलतो.

एक नमुना, आकड्यांसकट

समजा नेरूळला इंटर्नशिप करणारी, घणसोलीला राहणारी एक मुलगी आहे. तिच्या पहिल्या चार टेस्ट अशा झाल्या:

पहिली: सोडवले १७८, बरोबर ११२, चूक ६६, गुण ३८२.
दुसरी: १८१, ११८, ६३, गुण ४०९.
तिसरी: १७६, १०७, ६९, गुण ३५९.
चौथी: १८०, ११६, ६४, गुण ४००.

तिसऱ्या टेस्टनंतर तिला वाटलं, दोन महिन्यांचं वाचन वाया गेलं. दुसरीच्या तुलनेत ५० गुण कमी. पण हे ५० गुण म्हणजे फक्त ११ प्रश्न. तुमची तयारी आहे तितकीच राहिली आणि दर वेळी वेगळे २०० प्रश्न पुढे आले, तरी बरोबर उत्तरांचा आकडा आपोआप हलतो. निम्म्याहून थोडे जास्त प्रश्न येत असतील तर हा हेलकावा साधारण ७ प्रश्नांचा असतो, गुणांत तो ३० ते ३५ होतो. एखाद्या आठवड्यात याच्या दीडपट फरकही सहज पडू शकतो. त्या टेस्टमध्ये तुम्ही नुकत्याच वाचलेल्या पीएसएमचे प्रश्न कमी आणि न वाचलेल्या ऑर्थोचे जास्त आले, एवढंही पुरतं. पेपर सोपा-कठीण असण्याचा फरक त्यात वेगळा मिळवायचा. म्हणून लागोपाठच्या दोन टेस्टमधला ५० गुणांचा फरक पाहून काहीही ठरवू नका, चढला असला तरीही.

चार टेस्टची सरासरी घेतली की हा हेलकावा निम्म्यावर येतो. तिची सरासरी ३८७.५. ही तिची जागा.

आता विभाग बघा. चारही टेस्ट मिळून प्रत्येक विभागात १६० प्रश्न झाले. त्यांतले बरोबर अनुक्रमे १०३, ९८, ९५, ८० आणि ७७. पहिल्या दोन विभागांत मिळून २०१, शेवटच्या दोनांत १५७. एका टेस्टमध्ये पहिला विभाग २६ आणि शेवटचा २० आला असता तर मी दुर्लक्ष केलं असतं, कारण ४० प्रश्नांत तेवढा हेलकावा असतोच. चार टेस्ट मिळून ४४ प्रश्नांचं अंतर मात्र योगायोगाने पडत नाही.

कारण शोधताना ४२ मिनिटांच्या कुलपाची आठवण ठेवा. ही मुलगी सोडवण्यात संथ असती तर नुकसान पाचही विभागांत सारखंच झालं असतं, आणि प्रत्येक विभागाच्या शेवटचे चार-पाच प्रश्न रिकामे दिसले असते. तसं नाही. पहिल्या दोन विभागांत ती वेळेत संपवत होती. शेवटच्या दोनांत चौथ्या प्रकारच्या, म्हणजे न वाचण्याच्या चुका दाटल्या होत्या, आणि रिकामे प्रश्नही तिथेच जास्त होते. मेडिसिन कच्चं असतं तर चुका सगळीकडे विखुरल्या असत्या, कारण विषय सगळ्या विभागांत मिसळलेले असतात. म्हणजे दोन तासांनंतर तिचं डोकं थकत होतं. शेराच्या रकान्यात चारपैकी दोन टेस्टपुढे ‘पोस्ट-ड्युटी’ होतं. आणि आठवडाभर ती क्यू-बँकेतून वीस-वीस प्रश्नांचे तुकडे सोडवत होती, सलग तासभरसुद्धा बसत नव्हती.

तिने पुढच्या चार आठवड्यांसाठी तीनच बदल केले. टेस्ट ऑफच्या दिवशी हलवली. बुधवारी संध्याकाळी, ड्युटीनंतर थकलेल्या अवस्थेत, ४२-४२ मिनिटांचे दोन विभाग मध्ये न उठता सोडवायला लागली. आणि ज्या प्रश्नात एक तरी पर्याय उडवता येतो तो रिकामा सोडायचा नाही, असं ठरवलं. वाचनाचा क्रम होता तसाच ठेवला. पुढच्या चार टेस्ट:

सोडवले १८६, बरोबर १२४, चूक ६२, गुण ४३४.
१८८, ११९, ६९, गुण ४०७.
१८५, १२७, ५८, गुण ४५०.
१९०, १२३, ६७, गुण ४२५.

नवी सरासरी ४२९, म्हणजे साधारण ४१ गुणांची वाढ. नुसत्या सरासरीवरून मी एवढंच म्हणेन की बहुधा सुधारणा आहे, कारण चार-चार टेस्टच्या सरासरीतही २५ गुणांपर्यंतचा फरक उगाच पडू शकतो. खरी साक्ष विभागांत मिळते: १०२, १०१, ९९, ९७, ९४. चार टेस्ट मिळून ४० बरोबर उत्तरं वाढली, त्यांतली ३४ शेवटच्या दोन विभागांत. जिथे बदल केला तिथेच फरक दिसला. पहिले दोन विभाग जवळपास होते तिथेच आहेत, म्हणजे ज्ञानाची पातळी अजून वाढलेली नाही. आता तिने पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या चुका विषयवार मोजायला घ्याव्यात, आणि त्याही आठ टेस्ट मिळून. एका टेस्टमध्ये ईएनटीचे सात-आठ प्रश्न येतात, त्यांतले पाच चुकले म्हणून ईएनटी कच्चं ठरत नाही. आठ टेस्टमधले साठेक प्रश्न झाले की मग बोलता येतं.

दर चौथ्या आठवड्याला अर्धा तास

चार टेस्ट झाल्या की तक्ता उघडून क्रमाने बघा: सरासरी, रिकामे प्रश्न, विभाग, चुकांचे प्रकार. मग एकच गोष्ट निवडा आणि पुढचे चार आठवडे तीच बदला. वरच्या नमुन्यात तीन बदल होते, पण तिन्हींचं लक्ष्य एकच होतं, शेवटचे दोन विभाग. सिरीज, नोट्स आणि झोपेची वेळ एकदम बदलली तर गुण वाढोत की पडोत, कशामुळे ते कळत नाही.

‘दो’ खुणेचे प्रश्नही याच वेळी मोजा. त्यांत निम्मे बरोबर येणं अपेक्षित आहे. चार टेस्टमध्ये अशा शंभर प्रश्नांतले पस्तीसच लागत असतील तर बहुधा तुम्ही पहिलं सुचलेलं उत्तर शेवटी बदलता. बदलायचं असेल तर केसमधली कोणती ओळ त्या उत्तराच्या विरोधात जाते ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, एवढी अट घाला. उलट खुणेविना, म्हणजे खात्रीने दिलेली उत्तरं बरीच चुकत असतील तर प्रकरण जास्त गंभीर आहे. काहीतरी चुकीचं पाठ झालेलं असतं, आणि ते पुन्हा पुन्हा सोडवल्याने आणखी पक्कं होतं. असे प्रश्न सापडले की मूळ पुस्तकापर्यंत जा.

सगळ्या १९ विषयांचं पहिलं वाचन निम्म्यावर असेल तर दर आठवड्याला पूर्ण टेस्ट नको. तेव्हा पहिल्या प्रकारच्या चुकाच इतक्या असतात की वर्गवारीतून नवं काही हाती लागत नाही. महिन्यातून एक पूर्ण टेस्ट आणि बाकीच्या रविवारी वाचून झालेल्या विषयांचे ४२ मिनिटांचे दोन विभाग, एवढं पुरे. निम्म्याच्या पुढे गेलात की साप्ताहिक क्रम सुरू करा, वाचन संपायची वाट बघू नका.

शेवटची पूर्ण टेस्ट परीक्षेच्या आठवडाभर आधी द्या आणि तिचे गुण तक्त्यात भरू नका. त्या टेस्टमधून फक्त चौथ्या प्रकारच्या चुका आणि जोड्यांच्या वहीत घालायच्या ओळी घ्या. उरलेल्या दिवसांत ती वही, दुसऱ्या प्रकारचे प्रश्न आणि सकाळी ९ वाजता एक ४० प्रश्नांचा विभाग, एवढंच चालू ठेवा.